हे चेंबर कोणी बांधलं?

पुढे ये. तूच बांधलंस ना? मग बॅटरी धर आणि आत बघ. नाळीच्या दोन्ही बाजूंना काळा थर धरलाय, दिसतो का? लाईन चालू होऊन महिनाही झाला नाही आणि मैला बेंचिंगवर वाळत बसलाय. लोकांनी काय टाकलं ते मला सांगू नकोस. हा दोष तुझ्या थापीचा आहे.

पाईप २२५ मिलिमीटरचा आणि नाळ किती खोल केलीस? अर्धा पाईप चिरून ठेवल्यासारखी, जेमतेम ११२! नाळीचा तळ अर्धगोल हवा हे तुझ्या लक्षात राहिलं, पण पुढचं वाक्य वर्गात झोपून काढलंस. अर्धगोल संपला की बाजू सरळ उभ्या चढवायच्या, बाहेर जाणाऱ्या पाईपच्या माथ्यापर्यंत. सकाळी सगळ्या घरांचं पाणी एकदम आलं की ते अर्ध्या पाईपाच्या वर चढणारच. तुझ्या चेंबरात ते बाजूला पसरतं, पसरलं की वेग मरतो आणि घाण तिथेच बसते. त्यात बेंचिंग सपाट! दहास एक उतार म्हणजे भिंत ते नाळ या ३४० मिलिमीटरात ३४ मिलिमीटर चढ. तेवढाही देववला नाही? वर नीट सिमेंटची घोटाईही केलेली नाही. खरखरीत सिमेंटवर घाण चिकटणार नाही तर काय होईल?

आता ती वरची शाखा बघ. मुख्य लाईनच्या तळापासून १.१ मीटर उंचीवर भिंतीला भोक पाडलंस आणि पाईप सोडून दिलास. मुख्य पाईप काठोकाठ भरला तरी त्या पाण्यापासून शाखेचा तळ ८७५ मिलिमीटर वर राहतो. ६०० च्या पुढे फरक गेला की ड्रॉप द्यायचा, हे किती वेळा सांगितलं? धबधब्यासारखं पडणारं पाणी बेंचिंग खातं, आणि सांडपाणी असं घुसळलं की त्यातला विषारी वायू बाहेर पडतो. तो वायू माणसाला शुद्धीवर राहू देत नाही. तू कोणाच्या जिवाशी खेळतोयस, कळतंय का?

शाखेला भिंतीबाहेर टी लाव. उभा पाईप खाली आणून तळाशी बेंड दे आणि प्रवाहाच्या दिशेने नाळीत सोड. उभ्या पाईपभोवती १५० मिलिमीटर काँक्रीट हवं, नाहीतर भराव दाबताना सांधा निखळेल. टीचं सरळ तोंड भिंतीतून आत ठेवायचं, म्हणजे शाखा तुंबली तर तिथून सळई घालता येईल.

आणि हे झाकण! त्यावर काय कोरलंय ते मोठ्याने वाच. एलडी २.५. हे बागेतल्या पायवाटेचं झाकण आहे. या गल्लीत दहा हजार लिटरचा टँकर येतो; नुसतं पाणीच दहा टन! इथे एचडी २० हवं. हे आत्ता काढ, बाजूला बॅरिकेड लाव आणि गल्लीच्या तोंडाशी माणूस उभा कर.

बेंचिंग फोड, नाळ नव्याने घाल. ड्रॉपचं काँक्रीट मी बघितल्याशिवाय त्यावर एक घमेलं माती पडता कामा नये.