पाचशे सात, पाचशे आठ

मोबाइल बाजूला ठेवा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा ओट्यावर सपाट जागी मांडा. ओळखीच्या वाण्याकडून अर्ध्या किलोचं, वैधमापन खात्याचा मुदतीतला शिक्का असलेलं वजन तासाभरासाठी मागून आणा. त्यातली चूक या काट्याच्या चुकीपुढे किरकोळ असते.

काटा सुरू करा, शून्य येऊ द्या. वजन मधोमध अलगद ठेवा आणि आकडा स्थिरावेपर्यंत नुसतं पाहा. माझ्या काट्यावर 507 आलं. उचला. शून्य पुन्हा आलं की परत ठेवा. 508. मग 507, 507, 508.

इथे जरा थांबा. हे पाच आकडे एकमेकांना किती धरून आहेत, तेवढंच मनात घ्या. ही प्रिसिजन.

आता नजर वजनावर न्या. त्यावर 500 कोरलंय. आकडे आपसांत जवळ आहेत, पण खऱ्यापासून सात-आठ ग्रॅम लांब. अचूकता इथे नाही. सरासरी 507.4 येते, पन्नास वेळा वजन केलं तरी ती 500कडे सरकणार नाही, कारण चूक दरवेळी एकाच बाजूला पडते.

ही चूक येते कुठून? एक किलोचं वजन ठेवून बघा. मला 1015 दिसलं. चूक ठरावीक असती तर 1007च्या आसपास आलं असतं. इथे ती वजनाबरोबर वाढली, साधारण दीड टक्का, म्हणजे लोडसेलचं कॅलिब्रेशन हललंय. आकड्याला 1.015ने भागा, खरं वजन हाती येतं. हा उपाय चालतो तो प्रिसिजन चांगली आहे म्हणूनच. तेच अर्ध्या किलोचं वजन एकदा या कोपऱ्यात, एकदा त्या कोपऱ्यात ठेवलं तेव्हा 503 आणि 511 आलं. तिथे कोणत्या आकड्याने भागणार?

आता ओट्यावरची वाटी ठेवा, टेअर न करता. 86. चिमूटभर मीठ टाका. 86च. आणखी एक चिमूट. तरीही 86. तिसऱ्या चिमटीला 87. काटा एकेक ग्रॅमच्या पायरीने चढतो, हे त्याचं रिझोल्यूशन. व्हर्नियरच्या प्रयोगात तुम्ही त्याला लीस्ट काउंट म्हणता. याच काट्यावर पावासाठी 3 ग्रॅम यीस्ट घेतलंत, तर पायरीपायीच ते 2.5 ते 3.5मध्ये कुठेही असू शकतं. (टेअर करून मीठ हळूहळू टाकलं, तर बरेच काटे तेवढी वाढ शून्याचीच हालचाल समजून गिळतात. म्हणून टेअर टाळलं.)

शेवटी मनातल्या मनात शेजारी 0.1 ग्रॅमचा काटा ठेवा. त्याचंही कॅलिब्रेशन दीड टक्का हललेलं असेल, तर अर्ध्या किलोला तो 507.5 दाखवेल. त्या दशांशातल्या 5कडे सावकाश बघा, आणि मग पुन्हा वजनावर कोरलेल्या 500कडे.