श्रीगोविंदप्रभूंचे वेड आणि कर्मफळाचा प्रश्न

ऋद्धिपूरचे लोक श्रीगोविंदप्रभूंना वेडे म्हणत. एकटेच हसावे, मुलांत खेळावे, कोणत्याही घरी शिरून जेवावे, अशा त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी आठवणी मिळवून ऋद्धिपूरचरित्रात नोंदल्या. वेडेपणाचा उल्लेख झाकला नाही.

जीवाचे व्यंग शास्त्र कर्मफळ मानते आणि ते फळ देवता देतात. परमेश्वराला कर्म नाही, म्हणून तेच वर्तन तेथे लीळा ठरते. भेद वर्तनाचा नव्हे, कर्त्याचा आहे, आणि कर्ता बाहेरून ओळखता येत नाही. ऋद्धिपुरात तर शेजारीही चुकले!

मग कागलसारख्या गावी एखादी आई मतिमंद मुलास विशेषवंदनास आणते, तो मध्येच मोठ्याने हसतो, तेव्हा ‘याचे कर्मच तसे’ म्हणून त्याला दाराबाहेर बसविणारा देवतांचे काम स्वतःकडे घेतो. कर्मफळाचा सिद्धांत दुःखाचे कारण सांगतो. वंदन कोणाला वर्ज्य, हे सांगत नाही. ‘हा राउळांसारखाच’ म्हणून त्याला पूज्य ठरविणेही चूकच, कारण त्याला उपचार व शिक्षण हवे असते.

खरी अडचण निरूपणाची आहे; ते त्याला उमजणार नाही. पण विशेष कपाळी लावताना कोणी त्याचा हात धरला, तर वंदन त्याला जमते.