नऊ वजा पाच वजा दोन

कंपायलर डिझाइनचा अख्खा धडा एका तक्त्यात मावतो. लेक्सिकल अनालिसिसमध्ये अक्षरं जातात आणि टोकन बाहेर येतात. सिंटॅक्स अनालिसिस टोकन घेतं आणि पार्स ट्री देतं. सिमँटिक अनालिसिस त्याच ट्रीवर टाइप आणि किमती चढवतं, त्यातून इंटरमीजिएट कोड निघतो, मग सुधारलेला कोड, शेवटी मशीनचा कोड. परीक्षेला हा तक्ता चालतो. पण प्रत्येक टप्प्याची सीमा पक्की आहे आणि एका टप्प्यातला बदल तिथंच संपतो, असा समज त्यातून होतो. डेरिव्हेशनचा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न नीट सोडवला, तर हा समज टिकत नाही.

१९५७ साली आयबीएमचा फोरट्रान आला, तेव्हा भाषेचं व्याकरण वेगळं लिहून काढायची रीत नव्हती. गुणाकार बेरजेच्या आधी व्हावा यासाठी फोरट्रानच्या कर्त्यांनी केलेली युक्ती मला अजूनही थक्क करते. सुरुवातीला `((`, शेवटी `))`, प्रत्येक `+` च्या जागी `))+((` आणि प्रत्येक `*` च्या जागी `)*(` घालायचं. मग `A+B*C` चं होतं:

```
((A))+((B)*(C))
```

कंस तंतोतंत जुळतात आणि गुणाकार आपोआप आत जातो. रचना बरोबर आली, पण ती कुठल्या नियमानं आली हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. अल्गोल ६० च्या अहवालानं तो नियमच कागदावर आणला. बॅकस यांनी सुचवलेल्या आणि नाउर यांनी त्या अहवालात वापरलेल्या पद्धतीत पदावलीची व्याख्या पदावलीनंच सुरू होते: आधीची पदावली, मग चिन्ह, मग पद. डावीकडून मोजण्याचा क्रम व्याकरणाच्या आकारातच बसला.

हा आकार का लागतो, ते दाखवणारा प्रश्न दरवर्षी येतो. `E → E - E | num` हे व्याकरण संदिग्ध आहे, हे सिद्ध करा. `9-5-2` ची दोन लेफ्टमोस्ट डेरिव्हेशन लिहिली की काम झालं:

```
E ⇒ E-E ⇒ 9-E ⇒ 9-E-E ⇒ 9-5-E ⇒ 9-5-2
E ⇒ E-E ⇒ E-E-E ⇒ 9-E-E ⇒ 9-5-E ⇒ 9-5-2
```

पहिल्यात `5-2` आधी एकत्र येतं आणि उत्तर ६ होतं. दुसऱ्यात `9-5` आधी, उत्तर २. बरोबर उत्तर २. `E → E - T | T` आणि `T → num` असं लिहिलं की दुसरीच ट्री उरते.

इथं पुढचा प्रश्न येतो: लेफ्ट रिकर्शन काढा. ते का काढायचं, हे नोट्समध्ये क्वचितच असतं. वरून खाली उतरणाऱ्या पार्सरमध्ये `E` चं फंक्शन एकही टोकन न वाचता पुन्हा `E` ला बोलावतं आणि कधीच थांबत नाही. म्हणून व्याकरण बदलतात:

```
E  → T E'
E' → - T E' | ε
T  → num
```

आता FIRST(E') मध्ये `-` आणि `ε` आहेत, FOLLOW(E') मध्ये फक्त `$`. दोन्ही पर्याय एका टोकनावरून वेगळे ओळखता येतात, म्हणजे हे LL(1) झालं. बहुतेक उत्तरपत्रिका इथं थांबतात.

पण ट्री काढून पाहा. नवी `E'` प्रत्येक वेळी उजवीकडे वाढते आणि `5`, `2` दोन्ही `9` च्या उजवीकडे एका साखळीत अडकतात. ही ट्री भोळेपणानं खालून वर मोजली, तर पुन्हा ६ येतं. पार्सर कसलीच तक्रार करत नाही. वाक्य स्वीकारलं जातं, फक्त किंमत चुकते. त्यामुळे ही चूक `9-5-2` सारखं उदाहरण चालवल्याशिवाय कळत नाही. `9+5+2` घेतलंत तर ती लपते.

उपाय सिमँटिक टप्प्यात आहे. डावीकडची किंमत `E'` ला खाली द्यायची. `9` मिळाल्यावर ती `5` वजा करते, `4` पुढच्या `E'` ला देते, तिथं `2` वजा होऊन `2` उरतात आणि ते उत्तर वर जातं. पार्सरच्या सोयीसाठी व्याकरण वाकवलं, तर डावा क्रम सांभाळण्याची जबाबदारी अशी पुढच्या टप्प्यावर जाते.

क्नूथ यांनी १९६५ साली मांडलेल्या LR पद्धतीत हा खटाटोप लागत नाही. तिथं पार्सर खालून वर चढतो. `9-5` वाचून झाल्याबरोबर त्याचा `E` करून टाकतो, त्यामुळे लेफ्ट रिकर्शन त्याला चालतं, किंबहुना सोयीचंच पडतं. बेल लॅब्समधल्या याक या साधनानं LR चीच LALR ही आटोपशीर आवृत्ती वापरली. तेव्हा लेफ्ट रिकर्शन काढणं ही सिंटॅक्स अनालिसिसची सर्वसाधारण पायरी नव्हे, एका जातीच्या पार्सरची अट आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी त्या प्रश्नाखाली आणखी एक ओळ जोडावी: नव्या व्याकरणावर `9-5-2` ची किंमत काढून दाखवा.