हाक आणि हसू

वऱ्हाडात पोट्ट्यांना बारशाचं नाव पुरत नाही. अकोल्याच्या वर्गात कोणी ‘लंबू’ असतो, अमरावतीच्या वर्गात कोणी ‘ढोल्या’. त्यातली गंमत कुठे संपते, हे गुरुजींनी कसं ओळखावं? हसण्यावरून नाही, ज्याला चिडवतात तोही हसतो, कारण न हसणाऱ्याला जास्त चिडवतात.

पाहायचं ते हे, की ‘ढोल्या’ उलट ‘लंबू’ म्हणू शकतो का? म्हटल्यावर वर्ग तितकाच हसतो का? नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्विअस यांनी छळाच्या खुणा सांगितल्या, त्यात वारंवारता आणि ताकदीची विषमता आहे. उलट बोलता न येणं म्हणजे हीच विषमता. मग तो मधल्या सुट्टीत वर्गातच बसतो, उत्तर येत असूनही हात वर करत नाही.

अशा वेळी सगळ्यांसमोर ‘तुला वाईट वाटतं का रे?’ विचारलं, तर तो ‘नाही सर’च म्हणणार. एकट्याला विचारावं, चिडवणाऱ्यांनाही वेगवेगळं गाठावं. जात, रंग, अपंगत्वावरच्या नावाला मात्र ही पारख नकोच. ते पहिल्याच हाकेला थांबवावं. आणि हजेरी घेताना गुरुजीच ‘ढोल्या’ म्हणाले, तर वर्गाला परवानाच मिळतो.