घर धाकटीला का, असं विचारणाऱ्या दोघांस

थोरल्या, मधल्या, एकत्र बसून वाचा. एकेकट्याने वाचाल तर सोयीचं तेवढंच वाचाल.

खामगावचं घर मी धाकटीला बक्षीसपत्राने देतोय. का, ते तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. तरी बहिणीला फोन करून ‘बाबांचे कान कुणी भरले?’ विचारता? मला विचारायला जीभ झडली होती?

म्हणे घर वडिलोपार्जित. काहून रे? प्लॉटची खरेदी माझ्या नावावर, पतपेढीचा हप्ता माझ्या पगारातून. वडिलोपार्जित होतं ते आजोबांचं वावर. ते विकून तुमच्या इंजिनिअरिंगची फी भरली. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने धाकटीचाही त्यात जन्मतः हक्क होता. खरेदीखतावर तिने मुकाट सही केली, पैसा तुमच्यावर लागला. तेव्हा कुणाला कायदा आठवला? तेव्हा गोड, आता कडू!

‘मृत्युपत्र करा ना,’ म्हणता. म्हणजे मी गेल्यावर ते उघडणार, उत्तर द्यायला मी नसणार, आणि तुम्ही दोघं तिला कोर्टात ओढणार. नाही जमायचं. बक्षीसपत्र माझ्या हयातीतच अमलात येतं. दोन साक्षीदार, तिचा स्वीकार, दुय्यम निबंधकापुढे नोंदणी. मुलीला राहतं घर देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर एक टक्का स्थानिक अधिभार. भांडायचं असेल तर माझ्या तोंडावर भांडा.

‘उद्या तिने तुम्हाला बाहेर काढलं तर?’ केवढी ही काळजी! आईला डायलिसिसला कोण नेतं? शेगावला दर्शनाला दरवर्षी येता. तिथून खामगाव अर्ध्या तासावर. महाराजांना वेळ आहे, आईला नाही?

पण प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देतो. एकदा केलेलं बक्षीसपत्र देणाऱ्याला मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही. त्यासाठीच दस्तात स्पष्ट लिहिलंय: आम्हा दोघांचा हयातभर या घरात राहण्याचा हक्क, आणि आम्हाला सांभाळण्याची अट. तिने अट मोडली तर ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ खाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन दस्त रद्द करून घेता येतो. अट लिहिलीच नाही, तर म्हाताऱ्याला ती सिद्ध करत बसावं लागतं. ही ओळ घाला, असं धाकटीनेच सुचवलं. तुम्हा दोघांपैकी कुणाला सुचलं असतं?

शिकलेसवरलेले आहात. हिशेब कळत नाही, असं सोंग माझ्यापुढे आणू नका. मी तुम्हाला पाढे शिकवलेत.

मसुद्याची प्रत सोबत आहे. हरकत असेल तर नोंदणीआधी इथे या आणि धाकटीच्या समोर बोला. फोनवर नको, बायकोच्या तोंडून तर मुळीच नको. येण्याआधी आईच्या डायलिसिसचे वार विचारून घ्या. त्या दिवशी तिला तुम्ही न्यायचं.

— बाबा