हळदीचा पिवळा, ट्यूबचा हिरवा

बीडच्या मंगल कार्यालयांत हळदीचे फोटो काढताना मला एकच प्रश्न छळायचा: नवरीच्या गालावरचा हा रंग हळदीचा किती आणि ट्यूबचा किती? समोर बसलेल्या मामा-मावश्यांना तो कधीच पडला नाही, कारण डोळा उजेडाचा रंग परस्पर वजा करतो. कॅमेऱ्याला ही वजाबाकी शिकवावी लागते.

जुन्या ट्यूबमध्ये हिरवा उठून येतो आणि लाल तोकडा पडतो. रिळाच्या काळात यावर उपाय म्हणजे लेन्सवर लावायचा मजेंटा फिल्टर. आजही नुसता पिवळा-निळा, म्हणजे ‘टेम्परेचर’, हलवून हा हिरवेपणा जात नाही. त्यासाठी ‘टिंट’ला हात घालावा लागतो.

आपोआप दुरुस्तीची कल्पना आली रंगीत प्रिंटच्या धंद्यातून. कोडॅकचे राल्फ इव्हान्स यांनी धरले, की साधारण दृश्यातले सगळे रंग मिसळले तर राखाडी उरतो. याचे पेटंट त्यांना 1951 मध्ये मिळाले. पुढे 1980 मध्ये बुक्सबाउम यांनी याच गृहीतकाला गणिती रूप दिले. हिशेब सोपा आहे. फोटोची सरासरी लाल 80, हिरवा 100, निळा 80 आली, तर लाल आणि निळा सव्वापट करायचे. मात्र हे आकडे रॉ फाइलमधले हवेत. जेपीईजीत ते आधीच वाकवलेले असतात.

हळदीने हे गृहीतक पार झोपवले. तिथे सरासरी येते लाल 110, हिरवा 100, निळा 40. यंत्र निळा अडीचपट करते, लाल उलट घटवते, आणि मामांचे पांढरे उपरणे नीळ जास्त झाल्यासारखे दिसते. यंत्राने हळदीलाच उजेड समजले!

मग मला सुचले, की प्रत्येक फोटोला विचारायचेच कशाला? ट्यूब तर सगळ्यांवर तीच आहे. त्या हॉलमधल्या सगळ्या फोटोंचे गुणक काढायचे, क्रमाने लावून मधला घ्यायचा आणि तोच सर्वांना लावायचा. हळदीचे फोटो निम्म्यापेक्षा बरेच कमी असतील, तर ते या मधल्या आकड्याला फारसे हलवू शकत नाहीत. पण सगळा संचच हळदीचा असेल तर ही युक्तीही फसते. तिथे सुरुवातीला राखाडी कार्डाचा एक फोटो घेणे बरे.

‘ट्यूब तीच’ हेही अर्धसत्यच. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून चोकवाली ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते-मंदावते आणि त्यासोबत तिचा रंगही बदलतो. 1/500 शटरवर सलग घेतलेल्या चार फोटोंत तीच भिंत कधी हिरवट, कधी तांबूस दिसली, तर दोष इथे आहे असे समजावे. 1/100 किंवा 1/50 ठेवले की एक किंवा दोन पूर्ण चढउतार सामावतात आणि रंग स्थिरावतो.

एवढे करूनही नवरीचे कुंकू जरा तपकिरीच उरते. भिंत पांढरी होते, उपरणे पांढरे होते. पण कुंकवाला जो लाल लागतो तो ट्यूबने मुळात पुरेसा टाकलेलाच नसतो.