तूप का टिकतं

उन्हाळ्यात लोणी फ्रीजबाहेर ठेवलं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला वास येतो. तेच लोणी कढवून तूप केलं, तर ते स्वयंपाकघरातल्या फळीवर सहा महिने सहज राहतं. कढवताना आपण त्यात टिकवण्यासाठी काहीच घालत नाही. लोणचं मिठाने टिकतं, मुरांबा साखरेने टिकतो. तिथे पाणी असतंच, पण मीठ किंवा साखर ते धरून ठेवते, त्यामुळे जंतूंच्या वाट्याला येत नाही. तुपाची रीत निराळी आहे. तिथे पाणीच काढून टाकलेलं असतं.

घरच्या एक किलो लोण्यात साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम पाणी असतं. ते वेगळं दिसत नाही, कारण बारीक थेंबांच्या रूपात ते सगळ्या लोण्यात विखुरलेलं असतं. त्या थेंबांत ताकातली प्रथिनं, थोडी दुधातली साखर आणि विरजणाचे जंतू असतात. लोणी नासतं ते या थेंबांत. नुसत्या स्निग्धांशात जंतू वाढू शकत नाहीत, कारण त्यांना जगायला पाणी लागतं. भारतातल्या अन्नमानकांनुसार तुपात पाण्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे एक किलो तुपात फार तर पाच ग्रॅम, जेमतेम एक छोटा चमचा, आणि तोही सगळ्या तुपात पसरलेला. एवढ्या कोरड्या जागेत बुरशीसुद्धा धरत नाही.

हे पाणी कधी गेलं, ते कढवणाऱ्याला कानाने कळतं. लोणी वितळून उकळायला लागलं की पातेल्यात एकसारखा तडतड आवाज येतो आणि वर मोठे बुडबुडे असलेला फेस येतो. पाणी शिल्लक आहे तोवर आच वाढवली तरी तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपत आलं की आवाज मंदावतो, मग थांबतो. त्यानंतर तापमान भराभर चढतं, बारीक फेस पुन्हा वर येतो आणि तळाची बेरी पांढऱ्याची बदामी होते. साधारण ११० ते १२० अंशांवर, बेरी बदामी झाल्याबरोबर, गॅस बंद करायचा. अनेक घरांत या वेळी विड्याचं पान टाकतात. ते कुरकुरीत झालं, तर पाणी गेल्याची ती आणखी एक खूण.

बेरीच्या या रंगाकडे मी जरा जास्त लक्ष द्यायला सांगेन. बेरी म्हणजे लोण्यातली प्रथिनं आणि साखर. ती भाजली जाताना जे पदार्थ तयार होतात, त्यांतले काही तुपात उतरतात आणि पुढे हवेपासून त्याचं रक्षण करतात. म्हणून ‘करपेल’ या भीतीने पांढऱ्या बेरीवरच उतरवलेलं तूप दोन्हीकडून कमी पडतं: पाणी थोडं राहून जातं आणि हे रक्षकही पुरेसे तयार झालेले नसतात. पण एकदा काम झालं की बेरी तुपात ठेवू नये. ती ओल धरते. तूप कोमट असतानाच स्वच्छ, कोरड्या गाळणीतून गाळून घ्यावं.

इथपर्यंत जंतूंचा प्रश्न सुटला. पण पाणी काढल्याने फक्त जंतूच थांबतात, हवा थांबत नाही. तुपाचं उरलेलं सगळं आयुष्य हवेशी झगडण्यात जातं. स्निग्धांशाच्या साखळीत जिथे दुहेरी बंध असतो, तिथे ऑक्सिजनला शिरकाव मिळतो. दुधाच्या स्निग्धांशाचा सुमारे दोन तृतीयांश भाग संपृक्त असतो, म्हणजे त्यात असे बंधच नसतात. उरलेल्यातल्या बहुतेक साखळ्यांत एकेकच बंध असतो. एकाहून अधिक बंध असलेल्या साखळ्या जेमतेम तीन-चार टक्के. याउलट आपल्याकडच्या पारंपरिक करडईच्या तेलात त्या निम्म्याहून कितीतरी अधिक असतात, म्हणून ते तेल तुपाच्या आधी खवट होतं. तुपात तो बदल संथ चालतो, पण थांबत नाही. उजेड, उष्णता आणि तांब्याचा अंश यांनी त्याला वेग येतो. म्हणून खिडकीतली पारदर्शक काचेची बरणी दिसायला सुंदर, पण तुपाला वाईट. कल्हई नसलेलं तांब्या-पितळेचं भांडं त्याहून वाईट. स्टीलचा डबा किंवा चिनीमातीची बरणी, घट्ट झाकण आणि गॅसच्या शेगडीपासून दूरची जागा, एवढं पुरतं. मोठ्या बरणीत तळाशी थोडंसं तूप उरलं असेल तर ते लहान बरणीत काढावं, म्हणजे वरची हवा कमी होते.

तूप खवट झालं असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात दोन वेगळे बिघाड असतात आणि नाकाला ते वेगळे कळतात. जुन्या तेलासारखा, रंगाच्या डब्यासारखा वास आला, तर हवेने काम केलं. आंबूस, नाकात शिरणारा, ओकारीची आठवण करून देणारा वास आला, तर स्निग्धांश फुटून ब्युटिरिक आम्ल मोकळं झालं आहे. हा दुसरा बिघाड बहुतेक वेळा तुपात नव्हे, लोण्यात सुरू झालेला असतो. साय दोन-तीन आठवडे साठवत राहिली, लोणीही तसंच पडून राहिलं, तर त्यातले जंतू आणि विकरं आपलं काम करून मोकळी होतात. कढवल्याने जंतू मरतात, आम्ल मात्र बरंचसं तिथेच राहतं. टिकाऊ तूप हवं असेल तर सुरुवात ताज्या लोण्यापासून करायला हवी.

तुपात पाणी परत कसं शिरतं, हेही पाहायला हवं. ओला चमचा हे पहिलं कारण. फ्रीज हे दुसरं: फ्रीजमधून काढलेली गार बरणी दमट हवेत उघडी राहिली की आत दव धरतं, आणि रोज असं झालं तर ते साठत जातं. रोजच्या वापराचं तूप म्हणून बाहेरच ठेवावं, जास्तीचं बंद बरणीत फ्रीजमध्ये. पुऱ्या तळून उरलेलं तूपही मूळ बरणीत ओतू नये. आणि लसूण, मिरची किंवा ताजी पानं घालून केलेलं तूप हे टिकाऊ तूप नव्हे. लसणाच्या पाकळीत पाणी असतं, भोवती तुपाचं आवरण असल्याने हवा नसते, आणि बोट्युलिझमच्या जंतूंना नेमकी अशीच जागा लागते. साध्या कढवण्याने त्यांचे बीजाणू मरत नाहीत. असं तूप फ्रीजमध्ये ठेवून थोड्या दिवसांत संपवावं.

काही बदल मात्र बिघाड नसतात. विदर्भात मे महिन्यात बरणीतलं तूप पूर्ण पातळ होतं, थंडीत पुन्हा गोठतं; खाली रवाळ कण आणि वर पातळ थर असंही दिसतं. वेगवेगळे स्निग्धांश वेगवेगळ्या तापमानाला गोठतात म्हणून असं होतं. पण तळाशी पाण्याचा थेंब दिसला किंवा वर ठिपके दिसले तर थांबावं. नुसता पाण्याचा थेंब असेल आणि वास स्वच्छ असेल, तर वरचं तूप अलगद वेगळं काढून मंद आचेवर आवाज थांबेपर्यंत पुन्हा कढवता येतं. बुरशीचे ठिपके असतील तर सगळं टाकावं. खवट तुपालाही दुसरं कढवणं उपयोगी नाही: वास थोडा उडून जातो, घडलेला बदल उलटत नाही, उलट पुढची खवटपणाची क्रिया अधिक वेगाने सुरू होते.